महालक्ष्म्यांच्या रजेचा अर्ज परदेशी मॅनेजरला समजेल अशा इंग्रजीत कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मिहानमध्ये किंवा घरी बसून परदेशी चमूसाठी काम करणाऱ्या अनेकांचे मॅनेजर आता अमेरिकेत किंवा युरोपात असतात. ओळखीतल्या अशा मंडळींचे रजेचे अर्ज मी गेली काही वर्षे इंग्रजीत करून देतो. दिवाळीच्या रजेसाठी माझ्याकडे क्वचितच कोणी येते, कारण दिवाळी परदेशातही ठाऊक झाली आहे आणि बहुतेक कार्यालयांच्या सुट्ट्यांच्या यादीत ती असते. खरी अडचण येते ती भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची. विदर्भातल्या कितीतरी घरांत वर्षातला सर्वांत मोठा कुळाचार हाच असतो, पण कार्यालयाच्या यादीत तो बहुधा नसतो आणि परदेशी मॅनेजरने त्याचे नावही ऐकलेले नसते. म्हणून खालची सर्व उत्तरे या एकाच सणाच्या आणि एकाच अर्जाच्या आधारे दिली आहेत. अर्ज 2024 सालचा आहे, अर्जदार महालमधल्या एका कुटुंबातला सॉफ्टवेअर तपासनीस आहे आणि त्याची मॅनेजर शिकागोला असते. अर्जदाराच्या संमतीने, नावे गाळून, तो येथे घेतला आहे.

मूळ मराठी अर्ज कसा होता?

शाळेपासून आपण ज्या पद्धतीने अर्ज लिहायला शिकतो, अगदी तसाच होता: «महोदया, सविनय निवेदन की, दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्या मोठ्या बाबांकडे महाल येथे महालक्ष्म्या बसत आहेत. हा आमचा कुळाचार असून घरातील सर्वांनी उपस्थित राहणे आवश्यक असते. यंदापासून पूजा माझ्या हातून व्हावयाची आहे. तरी दि. 10/09/2024 ते 12/09/2024 अशी तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.»

मराठी म्हणून या अर्जात काहीही उणे नाही. नागपूरच्या कोणत्याही साहेबाने तो वाचला असता, तर «महालक्ष्म्या बसत आहेत» एवढ्यावरच त्याला सगळे कळले असते आणि कदाचित त्याने स्वतःचीही रजा टाकलेली असती. अडचण अशी की, या चार वाक्यांत जे लिहिले आहे त्यापेक्षा न लिहिलेले पुष्कळ जास्त आहे. तो भाग आपण मनातून भरून घेतो, आणि शिकागोच्या बाईंना तो भरता येत नाही.

हा अर्ज शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केला तर काय बिघडते?

अर्जदाराने आधी तेच केले होते आणि तो मसुदा मी पाहिला आहे. त्यात «महालक्ष्मी आर सिटिंग ॲट माय बिग फादर्स हाउस» असे वाक्य होते. देवी बसणे म्हणजे तिची स्थापना होणे, हे इंग्रजी वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याला कोणी महालक्ष्मी नावाच्या बाई घरी येऊन बसल्याचे चित्र दिसते. मोठे बाबा हा शब्द तर विदर्भाबाहेरच्या मराठी माणसालाही कधीकधी समजावून सांगावा लागतो. इंग्रजीत त्याचा अर्थ «वडिलांचे थोरले बंधू» असा सरळ लिहावा, आणि मोठी आई म्हणजे त्यांच्या पत्नी. नुसते «अंकल» लिहिले तर नाते दूरचे वाटते आणि दूरच्या नातेवाइकाच्या घरच्या कार्यक्रमासाठी तीन दिवस कशाला, असा प्रश्न उभा राहतो.

याहून मोठा घोटाळा देवीच्या नावात आहे. मॅनेजरने कुतूहलाने महालक्ष्मी पूजा असे शोधले की, बहुतेक ठिकाणी दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाची माहिती समोर येते, आणि ते असते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सप्टेंबरात रजा मागणारा माणूस महिना चुकला आहे किंवा कारण बनवून सांगतो आहे, अशी शंका तिच्या मनात येऊ शकते आणि ती शंका ती आपल्याला बोलून दाखवणार नाही. म्हणून इंग्रजी अर्जात सणाचे नाव ज्येष्ठा गौरी असे लिहावे आणि घरचे नाव महालक्ष्मी हे हवे तर पुढे जोडावे. ज्येष्ठा गौरी या नावाने शोधणाऱ्याला योग्य तारखा आणि योग्य सण सापडतो. आपल्या घरी कोणी गौरी म्हणत नाही, म्हणून हे नाव लिहिताना अनेकांना परके वाटते, ते मला समजते. पण येथे नाव वाचणाऱ्याच्या सोयीचे हवे.

तारखा लिहिण्यात काय चुकू शकते?

या अर्जातली सर्वांत घातक चूक तारखांचीच होती. आपण आधी दिवस लिहितो आणि मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात आणि मग दिवस. त्यामुळे 10/09/2024 ही तारीख तेथे 9 ऑक्टोबर अशी वाचली जाते आणि 12/09/2024 ही 9 डिसेंबर अशी. तारखेतला एखादा आकडा 12 पेक्षा मोठा असता, तर चूक लगेच लक्षात आली असती. 2023 मध्ये महालक्ष्म्या 21 ते 23 सप्टेंबरला होत्या, तेव्हा असा घोटाळा होण्याची शक्यताच नव्हती. 2024 च्या तिन्ही तारखा मात्र दोन्ही पद्धतींनी वाचता येण्याजोग्या निघाल्या. महिना नेहमी अक्षरात लिहावा आणि सोबत वार लिहावा. वार आणि तारीख जुळत नसेल, तर वाचणारा थांबून विचारतो.

रजेसाठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द वापरावा?

अमेरिकी माणसाशी बोलताना «लीव्ह» हा शब्द एकटा वापरणे टाळावे. तेथे त्या शब्दाने बाळंतपणाची, आजारपणाची किंवा बिनपगारी अशी लांबलचक रजा डोळ्यांसमोर येते, आणि तीन दिवसांसाठी «टाइम ऑफ» असे म्हणतात. मॅनेजर इंग्लंडचा असेल तर «ॲन्युअल लीव्ह» अगदी योग्य आहे, कारण तेथे हा रोजचा शब्द आहे. «हॉलिडे» दोन्हीकडे धोक्याचा आहे: इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ सहल असा घेतला जातो आणि अमेरिकेत सर्वांना मिळणारी ठरलेली सुट्टी असा.

«फेस्टिव्हल» या शब्दाविषयी माझे मत अधिक ठाम आहे. सण या शब्दात आपल्याला कर्तव्य, पाहुणे, स्वयंपाक, पूजा हे सगळे एकत्र ऐकू येते. इंग्रजी कानाला «फेस्टिव्हल» म्हटले की मैदानावरची गाणी, खाण्याचे ठेले, तिकीट काढून जायची मौज असे काहीतरी ऐकू येते. गेले तर गेले, नाही तर नाही. ज्या गोष्टीसाठी आपण उपस्थित राहण्यावाचून पर्याय नाही असे सांगत आहोत, तिला ऐच्छिक मौजेचे नाव देणे म्हणजे आपलीच बाजू कमकुवत करणे होय. त्याऐवजी «रिलिजस ऑब्झर्व्हन्स» लिहावे. हा शब्दप्रयोग इंग्रजी वाचणाऱ्याला ओळखीचा आहे. तो ऐकला की, हा माणूस काही धार्मिक नेम पाळतो आहे आणि त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत, इतके त्याला आपोआप कळते. «फंक्शन» आणि «प्रोग्राम» हे आपल्या नागपुरी इंग्रजीतले लाडके शब्दही येथे नकोत.

कुळाचार या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे?

एका शब्दात काही म्हणता येत नाही, आणि तसा प्रयत्न करू नये. «फॅमिली कस्टम» लिहिले तर दर रविवारी सगळ्यांनी मिळून नाश्ता करण्यालाही तोच शब्द लागू पडतो. «फॅमिली ट्रॅडिशन» थोडे बरे आहे, पण त्यातही बंधन दिसत नाही. कुळाचारात तीन गोष्टी असतात: तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, तो विशिष्ट घरी आणि विशिष्ट व्यक्तीच्या हातून व्हावा लागतो, आणि तो खंडित होऊ न देण्याची जबाबदारी कोणाची तरी असते. अर्ज लिहिताना या तिन्हींपैकी आपल्या बाबतीत यंदा जी गोष्ट सर्वांत खरी असेल, ती एका वाक्यात सांगावी. आपल्या अर्जदाराच्या बाबतीत ती तिसरी होती. मोठ्या बाबांना वयामुळे आता पूजेला बसणे होत नव्हते, त्यांना मुलगा नव्हता, आणि घरच्यांनी बसून ठरवले होते की यंदापासून पुतण्याने पूजा करायची. मूळ अर्जात हे तिसऱ्या वाक्यात, जाता जाता आले होते. खरे तर सगळा अर्ज त्या एका वाक्यावर उभा होता.

«सर्वांनी उपस्थित राहणे आवश्यक असते» हे वाक्य मात्र इंग्रजीत काढून टाकावे. ते वाचून मॅनेजरच्या मनात येते की, इतके सगळे लोक असणारच आहेत, तर एक कमी असला तर काय होईल. «पूजा मला करायची आहे» या वाक्याला असा प्रश्न विचारता येत नाही.

हा सण शनिवार-रविवारी का करता येत नाही, हे कसे समजवावे?

हा प्रश्न मॅनेजर खरोखर विचारतात आणि त्यात दुष्टावा नसतो. अनेक देशांत कौटुंबिक समारंभ सोयीने सुट्टीच्या दिवशी घेतले जातात, त्यामुळे त्यांना ते स्वाभाविक वाटते. उत्तर देण्यासाठी आधी आपल्याला नीट माहीत हवे. महालक्ष्म्यांचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर होते, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर. आकाशात ही तीन नक्षत्रे एकापुढे एक आहेत आणि चंद्राला प्रत्येक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून हा सण लागोपाठ तीन दिवसांचा आहे आणि म्हणून त्याचे दिवस चंद्र ठरवतो, आपण नाही. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होते, म्हणूनच तिला ज्येष्ठा गौरी म्हणतात.

एवढे सगळे अर्जात लिहायचे नाही. इंग्रजीत एकच वाक्य पुरते:

```
The dates are set by the position of the moon and cannot be moved.
```

नक्षत्र, तिथी, पंचांग, मुहूर्त यांपैकी एकही शब्द अर्जात आणू नये. «ऑस्पिशस डे» तर मुळीच लिहू नये, कारण शुभ दिवस म्हटले की दुसराही एखादा शुभ दिवस असेल असे वाटते. चंद्राची जागा ही कोणालाही समजणारी आणि कोणालाही न बदलता येणारी गोष्ट आहे. मॅनेजरने पुढे अधिक विचारले, तर नक्षत्रांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आनंदाने सांगावे.

गणेश चतुर्थीची सुट्टी आधीच मिळाली असेल तर?

तर हा मुद्दा आपणहून स्पष्ट करावा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. 2024 मध्ये गणेश चतुर्थी शनिवारी, 7 सप्टेंबरला होती आणि महालक्ष्म्यांचे आवाहन त्यानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी. 2025 मध्ये चतुर्थी बुधवारी, 27 ऑगस्टला आली आणि आवाहन रविवारी, 31 ऑगस्टला. परदेशी मॅनेजरच्या दृष्टीने भारतातल्या चमूने एकाच आठवड्यात दोनदा सणाची सुट्टी घेतलेली दिसते. ज्येष्ठा गौरी हा गणेश चतुर्थीहून वेगळा, घरात होणारा नेम आहे, असे अर्धे वाक्य पुरे होते. दहा दिवसांच्या गणेशोत्सवाचे वर्णन त्यात गुंतवू नये. मग अर्ज वाचणाऱ्याला आपण दहा दिवस मागत आहोत असे वाटू लागते.

जाता जाता 2025 चा एक योगायोग नोंदवतो. त्या वर्षी पूजनाचा दिवस सोमवार, 1 सप्टेंबर हा होता आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार ही अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. आवाहन रविवारी होते. म्हणजे अमेरिकी चमूसोबत काम करणाऱ्याला प्रत्यक्षात एका मंगळवारचीच रजा मागायची होती. ज्यांनी मॅनेजरच्या देशाचे कॅलेंडर पाहिले नाही, त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली. अर्ज लिहिण्याआधी दोन्ही देशांची कॅलेंडरे शेजारी ठेवून पाहावीत.

सणाचे महत्त्व सांगताना किती वर्णन करावे?

महत्त्व वर्णनाने पटते, ही आपली समजूत आहे. अर्जदाराच्या दुसऱ्या मसुद्यात उंबऱ्यापासून आत काढलेली पावले होती, मुखवटे होते, नव्या साड्या होत्या, पुरणपोळी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील होती, आणि ते सगळे त्याने मनापासून लिहिले होते. मला ते वाचताना भरून आले, कारण आमच्याही घरी असेच असते. तरी मी त्यातले जवळजवळ सगळे काढले. खाण्यापिण्याचे वर्णन आले की, वाचणाऱ्याच्या मनात मेजवानीचे चित्र तयार होते, आणि मेजवानीला जाण्यासाठी लोक संध्याकाळी एक तास लवकर निघतात, तीन दिवस घेत नाहीत.

पूजनाच्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाला फोन का उचलता येत नाही, हे मात्र सांगणे आवश्यक आहे. सोवळे या शब्दाचे भाषांतर «प्युरिटी» असे केले तर वाचणाऱ्याला ते विचित्र वाटते आणि विषय भलतीकडे जातो. त्यापेक्षा परिणाम सांगावा: बुधवारी पहाटेपासून रात्री शेवटची पंगत उठेपर्यंत मी पूजेत आणि पाहुण्यांत असेन, म्हणून त्या दिवशी संपर्क होणार नाही. कारणाच्या पोटात शिरण्यापेक्षा वाचणाऱ्याला कामासाठी जे कळायला हवे, ते सांगितले की पुरे.

ख्रिसमस किंवा थँक्सगिव्हिंगशी तुलना करावी का?

ख्रिसमसशी करू नये, असे माझे मत आहे. मॅनेजर ख्रिस्ती आहे हे आपण गृहीत धरतो, आणि नसल्यास ते अवघड होऊन बसते. शिवाय ख्रिसमसला सगळे कार्यालय बंद असते, त्यामुळे तुलना रजेच्या कामी येत नाही.

थँक्सगिव्हिंगची तुलना अमेरिकी वाचकाला लवकर पोचते, कारण त्यातही विखुरलेले कुटुंब थोरल्यांच्या घरी जमते आणि त्यासाठी लोक लांबून प्रवास करतात. पण ती जमण्यापुरतीच खरी आहे. पूजेचे बंधन त्यात नाही. अर्जात तुलना न करता «वर्षातून एकदाच आमचे सगळे कुटुंब एका घरी जमते» असे लिहावे. वाचणारा आपल्या आयुष्यातली अशी गोष्ट स्वतः आठवतो, आणि ती आठवण आपण निवडून दिलेल्या उदाहरणापेक्षा अचूक असते. बोलण्यात मात्र थँक्सगिव्हिंगचा उल्लेख जरूर करावा.

घरातल्या सुनेने अर्ज कसा लिहावा?

या प्रश्नाकडे बहुतेक मार्गदर्शक अर्जांचे लक्षच जात नाही. मराठीत एखादी ताई सहज लिहितात की, सासरी महालक्ष्म्या आहेत आणि घरची थोरली सून म्हणून स्वयंपाकाची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे. या वाक्यात मान आहे, अधिकार आहे. त्या दिवशी घरात त्यांच्या शब्दाला किंमत असते. तेच वाक्य इंग्रजीत गेले की, सासरच्या लोकांनी सुनेला कामाला जुंपले आहे असे वाचले जाते. सहृदय मॅनेजर काळजी करू लागते आणि रजेऐवजी तिसऱ्याच विषयावर बोलणे सुरू होते. त्यामुळे स्वयंपाकाऐवजी भूमिका लिहावी: हा नेम घरात चालवणाऱ्या व्यक्तींपैकी मी एक आहे. यात खोटे काही नाही, उलट मूळ वाक्यात जो मान होता, तो याच भाषांतरात टिकतो. जाऊ या नात्याला «को-सिस्टर» म्हणू नये; भारताबाहेर तो शब्द चालत नाही. गरज पडलीच तर «माझ्या दिराच्या पत्नी» असे सोडवून सांगावे.

अर्जातल्या वाक्यांचा क्रम कसा असावा?

मराठी अर्जात आपण आधी निवेदन करतो, मग कारण सांगतो आणि मागणी शेवटी, नम्रतेने ठेवतो. मागणी आधी ठेवणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. इंग्रजी वाचणारा मात्र पहिल्या दोन ओळींत तारखा शोधतो आणि त्या मिळेपर्यंत कारण त्याच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आधी तारखा, मग कारण, मग कामाची सोय, असा क्रम ठेवावा. «काइंडली सँक्शन», «रिस्पेक्टेड मॅडम», «डू द नीडफुल» हे शब्द काढले की नम्रता जाईल, अशी भीती वाटते, पण त्या भाषेत नम्रता विशेषणांत राहत नाही. आपल्यामागे काम अडणार नाही याची व्यवस्था आपण आधीच केली आहे, हे दाखवण्यात ती असते.

शेवटी पाठवलेला अर्ज असा होता. विषयाची ओळ:

```
Time off request: Tuesday, September 10 to Thursday, September 12
```

आणि मजकूर:

```
I would like to take these three days off and will be back
on Friday, September 13.

They are the days of Jyeshtha Gauri, a religious observance my
family keeps once a year at the home of my father's elder brother.
It is separate from Ganesh Chaturthi. The dates are set by the
position of the moon and cannot be moved. From this year my uncle
is no longer able to perform the worship, and the duty has passed
to me, so I need to be there in person.

My test cycle will be complete by Monday, 9 p.m. India time
(10:30 a.m. in Chicago). A teammate has agreed to cover new
defects. I can take an urgent call on Tuesday or Thursday.
On Wednesday I will not be reachable.

Please let me know if these dates work for you.
```

मराठी अर्जातले प्रत्येक विधान येथे आलेले नाही आणि येथले प्रत्येक विधान मराठीत नव्हते. अर्ज मात्र तोच आहे.

शिकागोची वेळ कंसात देण्याची खरोखर गरज होती का?

होती, आणि ही गोष्ट मी एका कटू अनुभवातून शिकलो. सप्टेंबरात शिकागो नागपूरच्या साडेदहा तास मागे असते. मॅनेजर सोमवारी सकाळी साडेदहाला चहा घेऊन कामाला लागलेली असते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. रजा मंगळवारपासून आहे, म्हणजे सोमवारचा पूर्ण दिवस हा माणूस मिळेल असे ती धरून चालते. तिने सोमवारी दुपारी दोनला पाठवलेला प्रश्न आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेबारानंतर पोचतो. रजा सुरू झालेली असते आणि उत्तर न मिळाल्याने तिला वाटते की, हा न सांगता गेला. अशाच एका प्रसंगी एका ओळखीच्या मुलाबद्दल वर तक्रार गेली होती. त्याचा शब्दही चुकलेला नव्हता, फक्त कोणाचा सोमवार ते लिहायचे राहिले होते.

समजले नाही, हे कसे ओळखावे?

मॅनेजरने लगेच «शुअर, हॅव फन» असे उत्तर दिले की, काम झाले असे समजू नये. पूजनाच्या दिवशी रात्री साडेआठला, म्हणजे तिच्या सकाळी दहाला, नेहमीच्या बैठकीचे निमंत्रण तसेच राहिले असेल, तर तिने अर्ज वाचला आहे पण मंजुरीपलीकडे तो तिच्या मनात उतरलेला नाही. «लॅपटॉप सोबत नेशील ना» हे विचारणे हीही तीच खूण. अशा वेळी पुन्हा पूर्ण कारण लिहीत बसू नये. फक्त बुधवारचे निमंत्रण नाकारावे आणि एका ओळीत सांगावे की, त्या दिवशी पूजा मी करणार आहे, म्हणून काही मिनिटांसाठीही येता येणार नाही.

अर्धा दिवस काम करण्याची विचारणा झाली, तर तिन्ही दिवस सारखेच अशक्य आहेत असे म्हणू नये, कारण तसे नसते. आवाहन बहुधा संध्याकाळच्या सुमारास होते. मंगळवारी सकाळचे दोन तास देता येत असतील तर तसे सांगावे. जे शक्य आहे ते मोकळेपणी दिले, म्हणजे बुधवारचे «नाही» खरे मानले जाते.

रजेच्या पोर्टलवर कारणासाठी एकच छोटी चौकट असते. तेथे काय लिहावे?

`Annual religious observance (Jyeshtha Gauri), fixed dates` एवढे लिहावे आणि वरचा मजकूर ई-मेलने वेगळा पाठवावा. चौकटीत नुसते «पर्सनल» लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याने रजा मिळते, पण पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सांगावे लागते. नोंद राहिली, तर मॅनेजर बदलली तरी मागच्या वर्षीची रजा दाखवता येते.

अर्ज किती आधी करावा?

पुढच्या वर्षीच्या तारखा नव्या पंचांगात आल्या की मॅनेजरच्या कानावर घालाव्यात, आणि रीतसर अर्ज सणाच्या पाच-सहा आठवडे आधी करावा. आदल्या आठवड्यात केलेला अर्ज चंद्राने ठरवलेल्या तारखांच्या मुद्द्याशी विसंगत दिसतो, कारण चंद्र कोठे असेल हे वर्षभर आधी माहीत असते.

अर्ज मंजूर झाला आणि घरात सुतक आले, तर?

सुतकात पूजा होत नाही, त्यामुळे रजेचे कारणच बदलते. सुतकाला इंग्रजीत «पीरियड ऑफ मोर्निंग» म्हणावे आणि कुटुंबातल्या कोणाचे निधन झाले ते नात्यासह लिहावे. येथेही नाते सोडवून सांगावे. चुलत आजोबा म्हणजे वडिलांचे काका. सोयर असेल, म्हणजे घरात जन्म झाला असेल, तर बाळाच्या जन्मामुळे यंदा पूजा होणार नाही, एवढेच कळवावे. दोन्ही वेळा जुनी रजा आपणहून रद्द करावी किंवा तिचे कारण बदलून घ्यावे. आमच्या अर्जदाराला 2024 मध्ये ती वेळ आली नाही. शुक्रवारी तो कामावर परतला, तेव्हा मॅनेजरने पहिल्याच वाक्यात विचारले होते की, पहिल्यांदाच पूजा केली ती नीट पार पडली ना, आणि आता काकांची तब्येत कशी आहे.